सिस्टिमला अकरा, रॅकवर शून्य

उपनगरातलं एखादं मध्यम आकाराचं सुपरमार्केट डोळ्यांसमोर आणा. सहा हजार प्रकारचा माल, चार बिलिंग काउंटर, मागे छोटं गोदाम. फरसाण-खाकऱ्याच्या रॅकवर एका ब्रँडचे तीन प्रकार ठेवलेले असतात : साधा, जिरा आणि मेथी. त्यातला मेथी खाकरा साधारण दिवसाआड एका बिलात दिसतो. म्हणजे फार खपणारा नाही आणि पडून राहणाराही नाही. अशा दुकानात माल मागवायचं काम आता माणूस करत नाही. बिल झालं की संगणक शिल्लक कमी करतो, आणि शिल्लक सहावर आली की पुढच्या ऑर्डरमध्ये एक बॉक्स आपोआप टाकतो.

आता समजा, संगणकावर मेथी खाकऱ्याचे अकरा पुडे शिल्लक दिसतायत आणि रॅकवर एकही नाही. पुढे काय होईल? अकराचे सहा व्हायला पाच पुडे विकले जायला हवेत. विकायला पुडाच नाही, म्हणून बिल होत नाही. बिल होत नाही म्हणून आकडा अकरावरून हलत नाही. आकडा हलत नाही म्हणून ऑर्डर जात नाही, आणि ऑर्डर जात नाही म्हणून पुडा येत नाही. हे चक्र आपण होऊन कधीच सुटत नाही. कोणी जाऊन बघेपर्यंत, म्हणजे अनेक दुकानांत वार्षिक मोजणी होईपर्यंत, मेथी खाकरा त्या दुकानात कागदोपत्री भरपूर आणि प्रत्यक्षात गायब असतो. इंग्रजीत याला ‘फँटम स्टॉक’ म्हणतात. आपण ‘कागदी साठा’ म्हणू.

रॅकवरच्या जागेचं काय, ती रिकामी दिसत नाही का? दिसली असती, पण फिलरच्या पोरांना रॅक मोकळा ठेवायचा नाही अशी सक्त ताकीद असते. मेथीची जागा मोकळी झाली की शेजारचा जिरा खाकरा दोन रांगा पसरतो. गिऱ्हाईक येतं, मेथी दिसत नाही, जिरा उचलतं किंवा काहीच न घेता पुढे जातं. काउंटरवर येऊन ‘मेथी का नाही?’ असं विचारणारी माणसं थोडी, आणि विचारलं तरी ते मॅनेजरपर्यंत पोचेलच असं नाही. मोबाईलवरून घरपोच माल देणाऱ्यांच्या गोदामात ही चूक लवकर उघडी पडते, कारण तिथे ऑर्डर आधी येते आणि माल शोधायला गेलेल्या मुलाच्या हाताला काही लागत नाही. दुकानात मात्र न झालेल्या विक्रीची नोंद कुठेच उमटत नाही.

हे अकरा पुडे आले कुठून, हे एकदा उलगडून पाहण्यासारखं आहे, कारण त्यात एखादी मोठी चूक बहुधा सापडत नाही. एका गर्दीच्या सकाळी वितरकाची गाडी आली. चलनावर चोवीस पुडे होते, बॉक्समध्ये वीस निघाले. बॉक्स न फोडताच सही झाली आणि इनवर्ड चोवीसचं पडलं. चार पुडे इथेच कागदी झाले. पुढे वरच्या बॉक्सच्या वजनाने चार पुड्यांतला खाकरा चुरला. सेल्समन ‘बदलून देतो’ म्हणून ते घेऊन गेला, पण डॅमेजची नोंद कोणी केली नाही. आणखी चार. राहिलेले तीन बिलिंगमध्ये गेले. गिऱ्हाइकाने दोन जिरा आणि एक मेथी आणला. तिन्हींची किंमत एकच. कॅशियरने एक जिरा स्कॅन केला आणि संख्येच्या जागी तीन दाबलं. रांग मोठी असली की हे सर्रास होतं आणि बिलाची रक्कमही बरोबर येते. असं तीनदा झालं, की मेथीचे तीन पुडे दुकानाबाहेर गेले तरी संगणकात आहेतच. चार, चार आणि तीन मिळून अकरा. चोरीचा यात संबंधही आला नाही, ती वेगळी.

आपल्याकडे याच्या जोडीला छापील किमतीचं त्रांगडं असतं. कंपनीने एमआरपी वाढवली की त्याच साबणाची जुनी आणि नवी अशा दोन नोंदी संगणकात तयार होतात. बारकोड एकच. स्कॅन केल्यावर पडद्यावर दोन किमतींची खिडकी उघडते आणि कॅशियर वरची ओळ दाबून मोकळा होतो. महिन्याभराने एका नोंदीवर वजा चौदा आणि दुसरीवर अधिक चौदा असा हिशेब बसतो. एकूण बेरीज बरोबर येते, सुट्या नोंदी दोन्ही चूक. म्हणून कागदी साठ्याच्या शोधात वजा शिल्लक दाखवणारा माल नेहमी शेजारी ठेवून पाहावा. हिशेबातला जो खड्डा इथे दिसतो, त्याची माती बहुतेकदा तिथे पडलेली असते.

हा प्रकार किती सर्रास आहे, हे मोजण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या दोघांनी एका किरकोळ विक्री साखळीच्या 37 दुकानांतल्या जवळपास 3 लाख 70 हजार नोंदी प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिल्या. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार 65 टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. सगळ्याच चुका कागदी साठ्याच्या नव्हत्या. काही नोंदी कमी दाखवत होत्या, काही जास्त, आणि अनेक अगदी एखाद्या-दोन नगांनी. तरी दर तीन नोंदींमागे दोन चूक, हे प्रमाण ऐकून कोणताही दुकानदार एकदा आपल्या संगणकाकडे संशयाने बघेल. त्याआधी 2005 साली एमआयटीतल्या युन कांग आणि स्टॅनली गेर्श्विन यांनी गणिताच्या आधारे दाखवून दिलं होतं की संगणकाला न कळलेली मालाची अगदी थोडी घटसुद्धा आपोआप मागणीची सगळी व्यवस्था ठप्प करू शकते, आणि माल नसल्यामुळे बुडालेली विक्री ही मूळ घटीपेक्षा कितीतरी मोठी असू शकते. अकरा खाकऱ्यांची किंमत एकदाच जाते. त्यांच्यामुळे बंद पडलेली विक्री रोज जात राहते.

मग सहा हजार वस्तूंमधून अशी वस्तू शोधायची कशी? सगळं मोजणं हा एक उपाय. त्यासाठी दुकान बंद ठेवावं लागतं, म्हणूनच तो वर्षातून एकदा होतो. दुसरा उपाय संगणकात आधीच पडून असलेल्या माहितीतून निघतो. कागदी साठा बोलत नाही, पण त्याची एक खूण पक्की आहे : शिल्लक शून्याच्या वर, आणि विक्री बरेच दिवस शून्य. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की काहीतरी बिनसलं असण्याची शक्यता आहे.

बहुतेक दुकानं इथवर येतात आणि एक सोपा नियम लावतात : तीस दिवस विक्री नाही, तर यादीत घ्या. नियम सोपा आहे, पण तो जवळजवळ प्रत्येक मालासाठी चुकीचा आहे. रोज चार विकला जाणारा आंघोळीचा साबण दोन दिवस विकला गेला नाही, तर तिथेच धावत जायला हवं. तीस दिवस थांबलात, तर एकशेवीस साबणांची विक्री गेली. उलट बूट पॉलिशची डबी नव्वद दिवसांत सहा बिलांत दिसत असेल, तर ती महिनाभर विकली न जाणं यात काहीच विशेष नाही. तीस दिवसांचा नियम साबणाला फार उशिरा पकडतो आणि पॉलिशवर उगाच संशय घेतो. मोजायची गोष्ट शांततेचे दिवस ही नव्हे. त्या मालाच्या स्वभावाला ती शांतता किती न शोभणारी आहे, हे मोजायचं.

यासाठी लागणारं गणित फ्रेंच गणिती प्वासाँच्या नावाने ओळखलं जातं आणि ते दिसतं त्यापेक्षा सोपं आहे. गिऱ्हाइकं एकमेकांना विचारून येत नाहीत, आपापली येतात. त्यामुळे सरासरी ठाऊक असली की ठरावीक दिवसांत एकही बिल न होण्याची शक्यता काढता येते. रोजची सरासरी बिलं आणि शांततेचे दिवस यांचा गुणाकार करायचा. एवढ्या दिवसांत किती बिलं व्हायला हवी होती, तो हा आकडा. मग एक्सेलमध्ये एकच सूत्र लिहायचं. `B2` मध्ये रोजची सरासरी बिलं, `C2` मध्ये शेवटच्या विक्रीपासूनचे दिवस :

```
=EXP(-B2*C2)
```

मेथी खाकऱ्याची नव्वद दिवसांत पंचेचाळीस बिलं होती, म्हणजे रोज अर्धं. गेले नऊ दिवस एकही नाही. व्हायला हवी होती साडेचार. सूत्र उत्तर देतं 0.011. म्हणजे रॅकवर माल व्यवस्थित असताना निव्वळ योगायोगाने नऊ दिवस कोरडे जाण्याची शक्यता शंभरात एक. साबणाची दोन दिवसांत आठ बिलं अपेक्षित होती. तिथे योगायोगाची शक्यता दहा हजारांत तीन-चार, म्हणजे जवळजवळ नाहीच. बूट पॉलिश वीस दिवस विकली गेली नसली, तरी अपेक्षा जेमतेम सव्वा बिलाची होती. शक्यता चारात एक. तिच्यासाठी शिडी लावायची गरज नाही. अंगठ्याचा नियम हवा असेल तर असा : तीन बिलं व्हायला हवी होती आणि एकही झालं नाही, तर नजर ठेवा. साडेचार-पाच व्हायला हवी होती आणि एकही नाही, तर उठून रॅकपाशी जा.

सूत्र एका ओळीचं असलं, तरी त्यात भरायची सरासरी काढताना एक चूक हमखास होते. ती इतकी बेमालूम असते की यादी रोज निघत राहते आणि खरे रोगी तिच्यात कधी येतच नाहीत. अनेक प्रणाली सरासरी काढतात ती ‘गेल्या तीस दिवसांची’. पण त्या तीस दिवसांत शांततेचे दिवसही धरलेले असतात. मेथी खाकरा पंधरा दिवस गायब असेल, तर तीस दिवसांतले पहिले पंधराच विक्रीचे. त्यांतली साडेसात बिलं तिसांनी भागली की रोजची सरासरी अर्ध्यावरून पाववर येते. पाव गुणिले पंधरा म्हणजे पावणेचार, आणि सूत्राचं उत्तर 0.0235. शंभरात दोनपेक्षा जास्त. आपली रेषा शंभरात एक असेल, तर खाकरा सुटला. वीस दिवसांनी तरी सापडेल का? तेव्हा विक्रीचे दिवस दहाच उरतात. सरासरी आणखी घसरते, आणि अपेक्षा सव्वातीनच्या आसपास येते. म्हणजे पंधराव्या दिवशी संशय कळसाला पोचला आणि नंतर ओसरायला लागला! तिसाव्या दिवशी सरासरीच शून्य होते, सूत्र ‘सगळं सुरळीत’ असं सांगतं आणि ज्याचं दुखणं सर्वांत जुनं, तोच माल यादीतून कायमचा गळतो.

उपाय एवढाच, की सरासरी शेवटच्या विक्रीच्या तारखेपासून मागे मोजायची. शेवटचा पुडा विकला गेला त्या दिवसाआधीचे नव्वद दिवस घ्या. त्यानंतरची शांतता ही ज्याची परीक्षा करायची ती गोष्ट आहे. तिलाच मापात मिसळलं तर माप खोटं पडणारच.

या चुकीचं आणखी एक टोक खरेदी विभागात दिसतं. तिमाहीच्या शेवटी ‘न खपणाऱ्या मालाची’ यादी निघते. मेथी खाकऱ्यासमोर विक्री शून्य आणि शिल्लक अकरा दिसते. खरेदी अधिकारी तो बंद करतो. लोकांना मेथी खाकरा नको होता असा निष्कर्ष निघतो, आणि त्याला आधार असतो तो लोकांना मेथी खाकरा मिळतच नव्हता याचा. कुठलाही माल बंद करण्याआधी कोणीतरी तो एकदा हातात धरून पाहिला होता का, हे विचारायला पाहिजे.

वर मी मुद्दाम ‘बिलं’ म्हणतोय, ‘नग’ नाही. त्यालाही कारण आहे. समजा, कोपऱ्यावरचा चहावाला महिन्यातून एकदा येतो आणि टोस्टचे चोवीस पुडे एकदम नेतो. नगांच्या हिशेबाने रोजची सरासरी पाऊण पुड्याच्या वर जाते, आणि तो येऊन गेल्यावर आठवडाभरात सूत्र ओरडायला लागतं. प्रत्यक्षात महिन्यातून एकच गिऱ्हाईक येतं आणि ते नुकतंच येऊन गेलंय. बिलं मोजली की हा गोंधळ मिटतो.

सणावारांचा गोंधळ मात्र सूत्राने मिटत नाही, तिथे डोकं लावावं लागतं. श्रावण आणि नवरात्रात भगर, राजगिऱ्याचं पीठ, शिंगाड्याचं पीठ सपाट्याने खपतं. दसरा झाला की एकदम थंडावतं. दिवाळीनंतरचं उटणं, संक्रांतीनंतरचा हलवा, जूननंतरची वह्यांची कव्हरं यांचंही तेच. सणातली सरासरी लावली, तर सणानंतरच्या आठवड्यात अख्खा उपवासाचा रॅक ‘गायब’ ठरतो. यावर साधी तोड म्हणजे शेजाऱ्यांकडे पाहणं. तिन्ही ब्रँडची भगर थंडावली असेल तर ऋतू बदललाय. दोन ब्रँडची भगर विकली जातेय आणि तिसऱ्याचीच एकाएकी थांबली असेल, तर तिसऱ्याचा रॅक बघा. साखळी दुकानांना हे आणखी सोपं पडतं, कारण तोच खाकरा इतर शाखांत विकला जातोय का, हे एका नजरेत कळतं.

‘शंभरात एक’ या आकड्याचा अर्थही नीट लावला पाहिजे, नाहीतर यादी हातात घेऊन फिरणारी माणसं आठवड्याभरात वैतागतील. शंभरात एक शक्यता म्हणजे माल गायब असण्याची खात्री नव्याण्णव टक्के, असं नव्हे. मेथी खाकऱ्याइतक्याच खपाच्या हजार वस्तू घ्या आणि त्यांतल्या वीस खरोखर गायब आहेत असं धरा. उरलेल्या नऊशे ऐंशी वस्तूंमध्ये निव्वळ योगायोगाने नऊ दिवस शांत राहणाऱ्या अकराएक निघतील. यादीत एकतीस नावं येतील आणि त्यांतली वीस खरी. म्हणजे तीन रॅक पाहिले तर साधारण दोनदा माल गायब सापडेल, एकदा समोर उभा असेल. दुकानाची शिस्त चांगली असेल आणि गायब वस्तू पाचच असतील, तर यादी सोळाची होईल आणि तिच्यातल्या अकरा फेऱ्या फुकट जातील. सूत्र दोन्हीकडे तेच आहे. फरक दुकानात आहे. म्हणून पहिल्या महिन्यात किती फेऱ्या खऱ्या ठरल्या हे लिहून ठेवावं, आणि त्यावरून रेषा पुढे-मागे करावी. रॅकपर्यंत जाऊन बघायला दोन मिनिटं लागतात. त्यामुळे निम्म्या फेऱ्या फुकट गेल्या तरी सौदा वाईट नाही.

यादी कुठल्या क्रमाने लावायची, यावर मात्र माझं ठाम मत आहे. सर्वांत संशयास्पद माल वर, असं लावू नये. रोज किती रुपयांचा नफा बुडतोय, त्या क्रमाने लावावी. रोज चार विकला जाणारा साबण आणि दिवसाआड विकला जाणारा खाकरा दोघेही रेषेपलीकडे असतील, तर आधी साबण. सकाळी दुकान उघडण्याआधी अर्धा तास मिळतो. त्यात पंधरा-वीस रॅक होतात, बाकीचे उद्यावर जातात. उद्यावर जाणारा माल स्वस्तातला असला पाहिजे.

रॅकपाशी गेल्यावर काय होतं ते पाहा. फ्लोअर सांभाळणाऱ्या ताईंच्या हातात यादी आहे आणि बरोबर फिलरचा मुलगा.

“मेथी खाकरा, सिस्टिमला अकरा.”

“ताई, जिराच आहे सगळा. मेथी तर कधीचा नाही आला.”

“मागे बघितलास?”

तो मागे जाऊन येतो. गोदामात नाही, वरच्या फळीवर नाही, परत पाठवायच्या मालाच्या क्रेटमध्येही नाही. आता कुठे ताईंनी संगणकात शिल्लक शून्य करायची. हा ‘मागे बघितलास?’ टाळला, तर भलतंच होतं. रॅकवर नाही म्हणून घाईने शून्य केलं, ऑर्डर गेली, नवा बॉक्स आला आणि दोन दिवसांनी जुना बॉक्स बिस्किटांच्या मागे सापडला. खाकऱ्याची मुदत थोडी असते. मग एकावर एक फुकट देऊन तो खपवावा लागतो.

माल मागे सापडला तर आकड्याला हात लावायचा नाही, माल पुढे आणायचा. रोग वेगळा होता, लक्षण तेच होतं. कधी माल चुकीच्या रॅकवर असतो, कधी वरच्या फळीवर हात पोचणार नाही असा, कधी किमतीची पट्टी नसल्यामुळे कोणी उचलत नाही. आणि एक प्रकार तर मोठा फसवा असतो : संगणकात एक, रॅकवरही एक, पण तो पुडा कोपऱ्यात फाटलेला. हिशेब तंतोतंत बरोबर, तरी विक्री शून्य, कारण फाटका पुडा कोण घेणार? नुसती मोजणी करणारा माणूस यावर बरोबरची खूण करून पुढे जाईल. म्हणून यादी घेऊन जाणाऱ्याने नग मोजण्याबरोबर ‘मी हा विकत घेतला असता का?’ हेही पाहायचं असतं. माल चांगला, समोर, पट्टीसकट आणि तरी विकला जात नसेल, तर तो प्रश्न साठ्याचा उरत नाही. शेजारच्या दुकानात स्वस्त मिळत असेल, किंवा नव्या एमआरपीची नोंद त्याची विक्री खात असेल. अशा मालाला महिनाभर यादीतून सुटी द्यावी, नाहीतर तो रोज सकाळी पुन्हा वर येऊन बसतो.

शिल्लक शून्य करण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, हा प्रश्न साधा वाटतो, पण दुकानं इथे पोळतात. मोजणारा आणि आकडा बदलणारा एकच असेल, तर माल मागच्या दाराने न्यायचा आणि सकाळच्या यादीत ‘सापडला नाही’ असं लिहायचं, हा रस्ता उघडा राहतो. मोजणी एकाने करावी, मंजुरी दुसऱ्याने द्यावी. आणि दर दुरुस्तीला कारण लिहावं : कमी आलं, डॅमेज, चुकीचं बिल, एक्स्पायरी काढली, ठाऊक नाही. कारणाचा रकाना सुरुवातीला सगळ्यांना कटकट वाटतो. दोन महिन्यांनी त्याच रकान्यातून कळतं, की निम्मे ‘कमी आलं’ एकाच वितरकाच्या गाडीचे आहेत.

या पद्धतीला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. संगणकात वीस आणि रॅकवर नऊ असतील, तर आकडा तितकाच चूक आहे, पण विक्री चालू असल्यामुळे शांतता नाही. नऊ संपेपर्यंत तो माल संशयितांत येणार नाही. उलट दिशेची चूक, म्हणजे रॅकवर जास्त आणि संगणकात कमी, इथे कधीच दिसत नाही. जिरा खाकऱ्याचं तेच झालंय. मेथीचे तीन पुडे त्याच्या नावावर फाडले गेले, त्यामुळे संगणकाला वाटतं त्याहून तीन जिरा रॅकवर जास्त आहेत. आणि महिन्या-दोन महिन्यांत एखादं बिल होणाऱ्या मालासाठी ही परीक्षा निरुपयोगी आहे. पाच बिलांची अपेक्षा साठायला तिथे वर्ष लागतं आणि तोवर वार्षिक मोजणी येऊन ठेपते. अशा मालासाठी थोडा थोडा रॅक रोज मोजत राहण्याला पर्याय नाही. ही यादी त्या मोजणीची जागा घेत नाही, मोजणाऱ्या माणसाला आधी कुठे जायचं तेवढं सांगते.

शून्य केल्यावर संगणक दुसऱ्याच दिवशी मेथी खाकऱ्याची ऑर्डर टाकतो. माल आल्यावर आठवड्याभरात तीन-चार बिलं दिसली, तर निदान बरोबर होतं. पण बारीक, महागड्या मालाच्या बाबतीत वेगळंच चित्र दिसू शकतं. दाढीची पाती, लिपस्टिक, लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचा डबा यादीत आला, दुरुस्त झाला, माल आला, आणि महिन्याभरात पुन्हा शिल्लक भरपूर, विक्री शून्य. एकच वस्तू तिसऱ्यांदा यादीत आली की आकडा दुरुस्त करणं थांबवावं. ती पाती कॅशियरच्या मागच्या कुलूपबंद कपाटात हलवावीत, त्या रॅकवर कॅमेरा आहे का ते पाहावं, आणि तो माल उतरवून घेताना पुढचे काही दिवस दोन माणसं उभी करावीत.